गेम डिझाइन विषयासाठी विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपचे किमान निकष: प्रस्ताव

प्रति,
मा. प्राचार्य
(मार्फत: विभागप्रमुख, संगणकशास्त्र)

दिनांक: 21 एप्रिल 2025, मुंबई

विषय: द्वितीय वर्ष बी.एस्सी.ला 2025-26 पासून सुरू होणाऱ्या ‘गेम डिझाइन’ विषयाकरिता लॅपटॉपचे निकष ठरवून ते मे महिन्यातच जाहीर करण्याबाबत.

महोदया,

या विषयाला 40 विद्यार्थ्यांची तुकडी मंजूर आहे. तिसऱ्या सत्रात टूडी, चौथ्यात थ्रीडी आणि शेवटी अँड्रॉइड फोनवर चालणारा एक गेम, असा क्रम आहे. बहुतेक घरांत लॅपटॉपची खरेदी मे-जूनमध्ये, वर्ग भरण्याआधी होते आणि दुकानदार सांगेल ते घेतले जाते. चुकीचे यंत्र एकदा घरात आले की ते पुढची तीन वर्षे बदलत नाही. म्हणून निकष मेच्या पहिल्या आठवड्यात सूचनाफलकावर लागावेत, ही पहिली विनंती.

अभ्यासक्रम युनिटी 6 या इंजिनावर शिकवायचा आहे. अनरिअल इंजिन 5 चा विचार केला होता. पण त्याच्या निर्मात्यांनीच 32 जीबी रॅम आणि 8 जीबी किंवा अधिक ग्राफिक्स मेमरीची शिफारस केली आहे. तेवढ्याची अट घातली तर अर्धा वर्ग पैशांअभावी बाहेर राहील. युनिटीचा वैयक्तिक परवाना मोफत आहे आणि फोनवरही चालणारी यूआरपी ही त्याची हलकी ग्राफिक्स व्यवस्था मध्यम यंत्रावरही चालते.

प्रस्तावित निकष दोन पातळ्यांवर आहेत:

| भाग | किमान | शिफारस |
|---|---|---|
| प्रोसेसर | 6 कोअर किंवा अधिक | H किंवा HS मालिका, उदा. i5-12450H, Ryzen 5 7535HS |
| रॅम | 16 जीबी, दोन पट्ट्या (8+8) | 16 जीबीची एक पट्टी, दुसरा स्लॉट रिकामा |
| साठवण | 512 जीबी एनव्हीएमई एसएसडी | 1 टीबी, किंवा 512 जीबी आणि मोकळा एम.2 स्लॉट |
| ग्राफिक्स | प्रोसेसरमधलेच | RTX 3050 (6 जीबी) किंवा RTX 4050 |
| पडदा | 1920×1080 | तोच, 100 टक्के एसआरजीबी |
| सिस्टिम | 64 बिट विंडोज 11 | तीच |

एप्रिल 2025 च्या बाजारात किमान पातळी साधारण 45 ते 50 हजारांत आणि शिफारशीची पातळी 62 ते 75 हजारांत बसते. यापेक्षा महाग यंत्र या अभ्यासक्रमाला लागत नाही, हे पत्रकात स्पष्ट लिहावे. लाखभराचा लॅपटॉप घेतल्याशिवाय गेम बनवता येत नाही, हा समज पालकांमध्ये पक्का बसलेला आहे.

पैसे मोजकेच असतील तर ते आधी रॅममध्ये घालावेत, ग्राफिक्स कार्डाचा विचार त्यानंतर. हिशेब साधा आहे. विंडोज स्वतः 3 ते 4 जीबी धरून बसते. मध्यम आकाराचा प्रोजेक्ट उघडला की युनिटी 2 ते 4 जीबी घेते, व्हिज्युअल स्टुडिओ एक-दीड, ब्राउझरचे चार टॅब आणखी एक-दीड. म्हणजे ब्लेंडर हे थ्रीडीचे सॉफ्टवेअर उघडण्याआधीच 8 जीबीची हद्द जवळजवळ गाठलेली किंवा ओलांडलेली असते. मग विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकते. युनिटीत स्क्रिप्ट सेव्ह करून एडिटरकडे परतले की सगळा कोड पुन्हा कंपाइल होतो आणि पुन्हा भरला जातो. एरवी चार-पाच सेकंदांचे हे काम अशा यंत्रावर अर्ध्या मिनिटावर जाते. दोन तासांच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी शंभर वेळा सेव्ह करतो. त्याची जवळजवळ पन्नास मिनिटे नुसती फिरणारी पट्टी बघण्यात जाणार.

दोन पातळ्यांना रॅमची मांडणी वेगळी का, हा प्रश्न येईल. वेगळे कार्ड नसेल तर ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी उचलते. त्या वेळी एकच पट्टी असली की डेटाचा रस्ता अर्धा होतो आणि सीन अडखळू लागतो, म्हणून 8+8. कार्ड वेगळे असेल तर हा फटका कमी बसतो. तिथे एक पट्टी घेऊन स्लॉट राखून ठेवणे शहाणपणाचे, कारण तिसऱ्या वर्षी 32 जीबी करायची वेळ आलीच तर जुनी पट्टी फेकावी लागत नाही. बोर्डावर सोल्डर केलेली 8 जीबी रॅम मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. दुकानातच टास्क मॅनेजर उघडून Performance मध्ये Memory बघावे. Form factor पुढे SODIMM असेल तर पट्टी बदलता येते. Row of chips असेल तर ती रॅम बोर्डाला चिकटलेली आहे. शेजारीच Slots used दिसते.

प्रोसेसरच्या नावात फसगत ठरलेली. ‘रायझन 5, सात हजार मालिकेतला’ एवढे ऐकून Ryzen 5 7520U घेतला जातो. त्यात जुन्या झेन 2 रचनेचे चारच कोअर आहेत. या मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा रचना सांगतो: 2 म्हणजे झेन 2, 3 म्हणजे झेन 3 किंवा 3+, 4 म्हणजे झेन 4. इंटेलमध्ये शेवटचे अक्षर पाहावे. U बारीक आणि थंड, H जास्त वीज खाणारा आणि बिल्डच्या, म्हणजे चालता गेम तयार करण्याच्या वेळी दमदार.

ग्राफिक्स कार्डाचे नाव सारखे असले तरी दोन लॅपटॉपांतली ताकद सारखी नसते. एनव्हिडियाच्या RTX 4050 ला निर्माता 35 ते 115 वॉटपर्यंत कितीही वीज देऊ शकतो. पातळ, देखण्या यंत्रात तेच कार्ड कमी विजेवर आणि अपुऱ्या पंख्यावर रखडते. दुकानात वॉटचा आकडा विचारावा. विक्रेत्याला तो ठाऊक नसेल तर निर्मात्याच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून बघावा. तिसऱ्या सत्रात कार्डाची गरज जवळजवळ नाही. चौथ्यात प्रकाशयोजना बेक करताना, म्हणजे प्रकाश-सावल्या आधीच मोजून ठेवताना, ते उपयोगी पडते, कारण युनिटीचा जीपीयू लाइटमॅपर ग्राफिक्स मेमरीवर चालतो. मेमरी अपुरी पडली तर तेच काम सीपीयूवर सावकाश करून घेता येते.

साठवणीबद्दल थोडक्यात. युनिटीच्या प्रोजेक्टमधले Library फोल्डर मूळ फाइलींपेक्षा मोठे होऊ शकते आणि त्यात हजारो बारीक फाइली असतात. फिरत्या हार्ड डिस्कवर त्या वाचणे म्हणजे बैलगाडीने फास्ट लोकल गाठणे, स्वस्त लॅपटॉपांतल्या ईएमएमसी साठवणीचेही तसेच. डिस्कचा पाचवा हिस्सा नेहमी मोकळा ठेवावा.

मॅकबुक असलेल्यांना नाकारू नये. ॲपलच्या चिपवर युनिटी थेट चालते, पण रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून 16 जीबीखालचे चालणार नाही. विंडोजसाठी आयएल2सीपीपी, म्हणजे कोड सी++ मध्ये बदलून होणारा, बिल्ड करायला त्यांना प्रयोगशाळेतले यंत्र लागेल. क्रोमबुक चालणार नाही. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपतो, त्यामुळे जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी तो विंडोज 11 ला पात्र आहे का, हे आधी तपासावे.

वजन आणि पावसाचाही उल्लेख पत्रकात हवा. कर्जत-विरारहून लोकलने येणाऱ्याला 2.4 किलोचा लॅपटॉप आणि वर अर्ध्या किलोचा चार्जर रोज उभ्याने वाहायचा असतो. बॅगेला पावसाचे आवरण असावे, आणि भिजून आलेला लॅपटॉप लगेच चार्जरला लावू नये.

यंत्रे पहिल्याच आठवड्यात तपासली जातील. प्रोसेसर, रॅम आणि साठवण पाहायला पॉवरशेलमध्ये हे तीन आदेश पुरतात:

```
Get-CimInstance Win32_Processor | Select-Object Name, NumberOfCores
Get-CimInstance Win32_PhysicalMemory | Select-Object DeviceLocator, Capacity
Get-PhysicalDisk | Select-Object FriendlyName, MediaType, BusType, Size
```

त्याच वेळी दोन गोष्टी करून घ्यायच्या आहेत. प्रोजेक्ट वनड्राइव्हने सांभाळलेल्या डेस्कटॉपवर न ठेवता `C:\Unity` मध्ये ठेवणे. वनड्राइव्ह फाइली धरून ठेवते आणि इम्पोर्ट अर्धवट राहतो. दुसरी खास आपली: विंडोजच्या खात्याचे नाव देवनागरीत असेल तर प्रोजेक्टच्या पत्त्यातही देवनागरी येते आणि अँड्रॉइड बिल्ड करताना ग्रेडल हे बांधणीचे साधन ही तक्रार करून थांबते:

```
Your project path contains non-ASCII characters.
```

मुलांनी हौसेने मराठीत नाव ठेवलेले असते, ते पुसायला सांगू नये. प्रोजेक्ट `C:\Unity` मध्ये हलवला की ही तक्रार येत नाही.

ज्यांना वेगळे कार्ड आहे त्यांनी Settings, System, Display, Graphics मध्ये जाऊन युनिटीला High performance लावावे. नाहीतर पैसे मोजलेले कार्ड झोपून राहते आणि एडिटर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतो.

महाविद्यालयाकडून पुढील व्यवस्था अपेक्षित आहे.

वीज. शिफारशीच्या लॅपटॉपचा चार्जर 180 वॉटपर्यंत असतो. 40 यंत्रे एकाच वेळी भरात आली तर 7200 वॉट, म्हणजे 230 व्होल्टला सुमारे 31 अँपिअर. 16 अँपिअरच्या दोन मंडलांवर हे काठोकाठ भरते, आणि त्याच मंडलावर एसी असेल तर एमसीबी पडणारच. प्रात्यक्षिकाच्या खोलीला एसी सोडून तीन स्वतंत्र मंडले द्यावीत. बॅटरीवर काम करा, असे सांगून भागत नाही. चार्जर काढला की ही यंत्रे स्वतःच वेग कमी करतात.

इंटरनेट. एडिटर आणि अँड्रॉइडचे मॉड्यूल मिळून प्रत्येकी 10 जीबी धरले तर 40 जणांचे 400 जीबी होतात. 100 एमबीपीएसच्या जोडणीवर ती पूर्ण मोकळी असतानाही नऊ तास लागतील. एकाच आवृत्तीचे इन्स्टॉलर दोन बाह्य एसएसडींवर (प्रत्येकी 500 जीबी) आधीच उतरवून ठेवता येतील. आवृत्ती युनिटी 6 च्या `6000.0` या मालिकेतली एकच, वर्षभर न बदलता. एकाने प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडला की त्याच्या गटातल्या इतरांना तो जुन्यात नीट उघडत नाही.

लॅपटॉप न घेऊ शकणारे विद्यार्थी. त्यांची संख्या प्रवेशानंतरच कळेल, पण शून्य नक्की नसेल. प्रयोगशाळेतल्या 8 डेस्कटॉपांत 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी बसवून ते सायंकाळी 7 पर्यंत खुले ठेवावेत. नवी यंत्रे घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. लॅमिंग्टन रोडवरून तीन दरपत्रके मागवून ती मे अखेरीस खरेदी समितीपुढे ठेवता येतील. स्वतःचा लॅपटॉप नाही म्हणून कोणाचाही प्रवेश अडू नये, हे वाक्य पत्रकात ठळक अक्षरांत असावे.

मंजुरी 30 एप्रिलपर्यंत मिळाल्यास पत्रक मराठी आणि इंग्रजीत 5 मे रोजी लावता येईल. पालकांच्या शंकांसाठी 10 आणि 17 मे या दोन शनिवारी सकाळी 10 ते 1 या वेळेत संगणक प्रयोगशाळेत थांबण्याची माझी तयारी आहे; लॅपटॉप घेण्याआधी मॉडेल क्रमांक घेऊन यावे, असे कळवावे.

आपली विश्वासू,
विषय समन्वयक, गेम डिझाइन
संगणकशास्त्र विभाग