पान ७ वरील एका वाक्याची दुरुस्ती

आपल्या कथेतील १२ जुलै १९६१ च्या प्रसंगात, पानशेतचे धरण फुटल्यावर मुठेचे पाणी शनिवार पेठेतल्या वाड्यात शिरते, तेथे मूळ वाक्य असे आहे: "चौकात पाणी आलेले पाहून वत्सला अतिशय घाबरली." हे वाक्य चुकीचे नाही, परंतु त्यात घाबरण्याचा निकाल निवेदकानेच देऊन टाकल्यामुळे वाचकाला पाहण्यासारखे काही उरत नाही. "छातीत धडधडू लागले, हातापायांना कापरे भरले" असा बदल मी आधी करून पाहिला आणि खोडला, कारण असे कापरे कोणत्याही कथेतल्या कोणत्याही माणसाला भरते; ते वत्सलाचे नव्हे. ज्या बाईचा दिवस त्याच चौकात आणि स्वयंपाकघरात जातो, तिचे हात अशा वेळी काय करतील, एवढाच प्रश्न धरून पुढील मजकूर लिहिला आहे:

"तुळशीवृंदावनाचा कट्टा पाण्याखाली गेला, तेव्हा वत्सलाने पुढे होऊन दिंडी दरवाजाची कडी आतून घातली. पोराला काखोटीला मारून, लोणच्याची बरणी छातीशी धरून ती जिना चढली, बरणी वरच्या कोनाड्यात ठेवली आणि दादरा बांधायचा राहिला म्हणून पुन्हा खाली उतरली. जिन्याच्या खालच्या तीन पायऱ्या आता दिसत नव्हत्या. 'दादरा कुठं ठेवला रे मी?' ती पोराला विचारत राहिली. पोर दहा महिन्यांचे होते. मागच्या भिंतीतून ओल्या मातीचे ढेकूळ सुटून पाण्यात पडले. तिने तिकडे मान वळवली नाही."

कडी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पाणी कडीने अडत नाही हे तिलाही ठाऊक आहे आणि तरीही ती कडी घालते. मातीचे ढेकूळ मुद्दाम घेतले आहे. त्या पुरात पाणी भिंतींत मुरून अनेक जुने वाडे कोसळले, आणि वत्सला ज्या आवाजाकडे पाहत नाही, त्याचा अर्थ तिला पुरता कळलेला आहे. "घाबरली", "भीती", "धास्ती" यांपैकी एकही शब्द आता परिच्छेदात नाही.

मजकूर एका वाक्याचा सहा-सात वाक्यांएवढा झाला, हे मान्य आहे. या प्रसंगावर कथा उभी असल्याने ती जागा द्यावी, असे माझे मत आहे. पान ३ वर चुलतसासऱ्यांच्या खोकल्याला ती "घाबरते", ते वाक्य मात्र जसेच्या तसे ठेवावे, कारण तेथे थांबण्याचे कारण नाही. नव्या परिच्छेदापाठोपाठ येणारे "तिच्या पोटात भीतीचा गोळा उठला" हे वाक्य कृपया काढावे, आणि वरून सासूबाई हाक मारतात तेथून पुढचा मजकूर तसाच चालू द्यावा.