दुसऱ्या मजल्यावरील कार्यालयाचा भाडेकरार : नूतनीकरणाबाबत

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

३१ मार्चला संपणाऱ्या कराराविषयीचे आपले पत्र मिळाले. दोन महिने आधीच कळवलेत, त्यामुळे विचाराला सवड मिळाली. आम्हाला इथेच राहायचे आहे, हे आधीच सांगतो. भाव पाडण्यासाठी "जागा सोडतो" म्हणायचे, हा आमचा स्वभाव नाही.

अडचण आहे ती १८ टक्के वाढीची. आसपासच्या तीन जागा मी स्वतः पाहून आलो. एजंट बिल्ट-अपवर दर सांगतात, म्हणून सगळे आकडे कार्पेटवर आणून पाहिले. दोन जागा आमच्या सध्याच्या भाड्यापेक्षा ४ ते ७ टक्के जास्त पडतात, तेही मेंटेनन्स धरून. तिसरी आपल्या नव्या दराच्या जवळ जाते, पण तिथे जनरेटर आणि दोन गाड्यांचे पार्किंग आहे. आपल्याच तळमजल्यावरच्या गाळ्यावर "भाड्याने देणे आहे" ही पाटी दिवाळीच्या आधीपासून आहे, हे तर आपण रोज पाहताच.

माझा प्रस्ताव असा : पहिल्या वर्षी ६ टक्के, पुढे दरवर्षी ५ टक्के वाढ. करार तीन वर्षांचा, त्यात आमच्याकडून दोन वर्षांचा लॉक-इन. तिसऱ्या वर्षी भाडे आजच्यापेक्षा जवळपास १७ टक्के जास्त झालेले असेल, म्हणजे आपण म्हणता त्या आकड्याच्या अगदी जवळ. तीन वर्षे सरसकट १८ टक्के वाढीव भाडे घेतले, तर आपल्याला माझ्या प्रस्तावापेक्षा एकूण साधारण अडीच महिन्यांचे आजचे भाडे जास्त मिळेल. पण जागा दोन महिने रिकामी राहिली आणि एजंटला एक महिन्याचे भाडे द्यावे लागले, की तेवढे तिथेच जाते. शिवाय नवा भाडेकरू फर्निचरसाठी महिनाभर बिनभाड्याचा मागतो, तो वेगळाच.

डिपॉझिट आहे तेवढेच राहावे. नोंदणी आणि मुद्रांक शुल्क निम्मे-निम्मे करू.

एक गोष्ट मात्र करारात लिहून हवी. मीटरच्या पेटीशेजारच्या भिंतीत पावसाळ्यात पाणी मुरते. गेल्या वर्षी प्लास्टर फुगून पेटीच्या मागपर्यंत ओल गेली होती. वायरिंगजवळची ओल म्हणजे जिवाशी खेळ. बाहेरून वॉटरप्रूफिंग आपण मेअखेर करून द्यावे, आतले रंगकाम आम्ही आमच्या खर्चाने करू. यात मागेपुढे करता येणार नाही, भाड्याच्या टक्क्यांत थोडेफार होऊ शकते.

येत्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास घरी येऊ का? तिन्ही जागांचे दरपत्रक आणि वर्षवार हिशेबाचा कागद सोबत आणतो. आपल्या मनात दुसरा काही आकडा असेल, तर तोही मोकळेपणाने सांगावा.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
भाडेकरू, दुसरा मजला