प्रबंधाचे मूल्यमापन पूर्ण होईपर्यंत विद्यार्थी व्हिसाची मुदत वाढवून मिळण्याबाबत

दिनांक : ६ जुलै २०२६

प्रति,
मा. परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी,
पोलीस आयुक्तालय, पुणे

विषय : विद्यार्थी व्हिसाची मुदत २८ फेब्रुवारी २०२७ पर्यंत वाढवून मिळण्याबाबत.

महोदय,

मी मॉरिशसची नागरिक असून पुण्यात विद्यापीठाच्या मराठी विभागात पीएच.डी. करते. माझ्या व्हिसाची मुदत ३१ ऑगस्ट २०२६ रोजी संपते. मुदतवाढीचा ऑनलाइन अर्ज मी भरला आहे. मुदतीत काम का संपले नाही, हे त्या अर्जात नीट मांडता येत नाही, म्हणून हे पत्र.

कोकणातली जाखडी आणि आमच्याकडची झाकरी यांतील गाण्यांची तुलना हा माझा विषय आहे. मुंबईचे चाकरमानी गौरी-गणपतीला गावी आले की जाखडीचे फेर रंगतात. मधे मृदंगवाला आणि गाणारे, भोवती घुंगरू बांधलेली मुले. ही गाणी नाचाच्या ठेक्यातच नीट आठवतात. एरवी घरी जाऊन विचारले तर जाणती माणसेही दोन-तीन कडव्यांवर अडतात. त्यामुळे ध्वनिमुद्रणासाठी वर्षातून हे मोजके दिवसच हाती असतात. गुहागर तालुक्यातील शेवटची गाणी २०२५च्या गणेशोत्सवात मिळाली. त्यांच्याशिवाय प्रबंध दिला असता, तर तुलनेची कोकणची बाजू लंगडी राहिली असती.

प्रबंध १५ जून २०२६ रोजी विद्यापीठात दाखल झाला असून तो आता बाहेरच्या दोन परीक्षकांकडे जाईल. त्यांचे अहवाल अनुकूल आले की मौखिक परीक्षा होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या विनियमांप्रमाणे ही प्रक्रिया प्रबंध दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत पूर्ण व्हावी असे अपेक्षित आहे. परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या आणि पदवीची अधिसूचना यांसाठी लागणारा वेळ धरून मी फेब्रुवारीअखेरची तारीख मागितली आहे. मधल्या काळात मायदेशी परतले, तर परीक्षकांच्या शंकेवर मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून पाठ तपासणे अवघड होईल. कोकणी उच्चारातला एखादा शब्द नक्की करायचा तर गाणाऱ्यालाच गाठावे लागते.

शिष्यवृत्ती संपली असल्याने पुढील खर्च माझे वडील करणार आहेत. औंधमधील माझा पत्ता बदललेला नाही. या काळात मी कोणतीही नोकरी करणार नाही. पदवीची अधिसूचना लवकर निघाली, तर मुदत संपण्याची वाट न पाहता मी परत जाईन. आजी-आजोबांच्या तोंडची झाकरी तिथल्या मराठी शिकणाऱ्या मुलांच्या हाती पुस्तकरूपाने द्यावी, यासाठीच मी इथे शिकायला आले.

तरी कृपया मुदतवाढ मंजूर करावी, ही विनंती. आपण बोलवाल त्या दिवशी मूळ कागदपत्रांसह हजर राहीन. व्हिसा संपण्यापूर्वी निर्णय कळल्यास उपकृत होईन.

आपली नम्र,
रेश्मा गोपाळ राघू

सोबत : पासपोर्ट, व्हिसा व नोंदणी प्रमाणपत्राच्या प्रती, विभागाचे बोनाफाइड प्रमाणपत्र, प्रबंध दाखल केल्याची पोच, मार्गदर्शकांचे पत्र, नोंदणीकृत भाडेकरार, वडिलांचे हमीपत्र व बँकेचा खातेउतारा.