तो वाचला की त्याने वाचलं? सकर्मक, अकर्मक, द्विकर्मक पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी

काल क्लास संपता संपता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, 'वाचणे' सकर्मक की अकर्मक?" बाकीचे लगेच ओरडले, सकर्मक! मी फळ्यावर एवढंच लिहिलं, 'पेशंट वाचला.' आता सांगा. सगळे गप्प. वेळ संपली होती म्हणून उरलेलं इथे लिहून देतेय, सावकाश वाचा.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की प्रत्येक क्रियापदाच्या कपाळावर सकर्मक किंवा अकर्मक असा शिक्का मारलेला असतो आणि आपण फक्त यादी पाठ करायची. तसं नसतं. शिक्का वाक्यात लागतो, म्हणून वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर द्यायचंच नाही.

सुरुवात कर्त्यापासून करा. धातूला 'णारा, णारी, णारं' लावायचं आणि कोण किंवा काय विचारायचं. 'उंदीर पळाला.' पळणारा कोण? उंदीर. हा कर्ता. आता पळण्याची क्रिया दुसऱ्या कोणावर झाली का? नाही, उंदीरच पळाला, विषय तिथेच संपला, म्हणून अकर्मक. आता 'मांजरीने उंदीर पकडला.' पकडणारी कोण? मांजर. काय पकडलं? उंदीर. क्रिया मांजरीकडून निघाली आणि उंदरावर जाऊन पोचली, म्हणजे उंदीर झाला कर्म आणि क्रियापद सकर्मक. तोच उंदीर एका वाक्यात कर्ता, दुसऱ्यात कर्म. बिचारा.

इथे पोरं हमखास फसतात ती जागा म्हणजे 'ला'. 'ती ऑफिसला गेली' यात 'ला' दिसला की लगेच कर्म म्हणून मोकळे होतात. अरे पण ऑफिसवर काही झालं का? 'ऑफिसला' हे 'कुठे'चं उत्तर आहे, 'काय' किंवा 'कोणाला'चं नाही, तेव्हा वाक्य अकर्मकच. तसंच 'मला हे गाणं आवडतं.' वाटतं की आवडणारा मी आणि गाणं कर्म, पण नियम लावून बघा, आवडणारं काय? गाणं. म्हणजे गाणं कर्ता आहे आणि इथे कर्म नाहीच. पहिल्यांदा ऐकताना हे विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं.

आता माझी लाडकी युक्ती. वाक्य भूतकाळात न्या आणि कर्ता 'तो' किंवा 'ती' ठेवा. 'ती झोपली, तो हसला, ती पडली', इथे 'ने' येत नाही. 'तिने दार लावलं, त्याने खिडकी लावली, तिने दिवा लावला', इथे 'ने' आला आणि क्रियापद कर्त्याचं ऐकायचं सोडून कर्माच्या मागे गेलं, दार लावलं, खिडकी लावली, दिवा लावला. 'ने' आला तर बहुतेक वेळा सकर्मक, नाही आला तर बहुतेक वेळा अकर्मक. 'मी' आणि 'तू' घेऊन हे करू नका, कारण त्यांना 'ने' लागलेला दिसतच नाही. आणि 'बहुतेक वेळा' मुद्दाम म्हटलंय हं, कारण काही चुकार क्रियापदं आहेत: 'ती छत्री विसरली', 'तो कविता शिकला', 'ती पाणी प्यायली'. कर्म समोर आहे तरी 'ने' गायब. ही थोडीच आहेत, ऐकून ऐकून लक्षात राहतात.

आता पेशंटकडे येऊ. 'तो वाचला' म्हणजे जीव वाचला, अकर्मक. 'त्याने वाचलं' म्हणजे अक्षरं वाचली, सकर्मक, मग काय वाचलं ते सांगितलेलं नसलं तरी, कारण वाचायला काहीतरी लागतंच. एका 'ने'ने माणूस दवाखान्यातून लायब्ररीत पोचला.

अशा जोड्या अजून बऱ्याच आहेत आणि मला हाच भाग सगळ्यात आवडतो. 'तो थंडीने कापतोय' आणि 'तो कागद कापतोय', पहिल्यात थरथर आणि दुसऱ्यात कात्री. 'पैसे पुरले' म्हणजे कमी पडले नाहीत, पण 'त्याने पैसे पुरले' म्हणजे खड्डा खणून जमिनीत घातले! 'माझी चावी हरवली' यात चावी सापडत नाहीये, आणि 'आम्ही त्यांना हरवलं' म्हणजे मॅच जिंकली. 'ती बोलली' साधं बोलणं, आणि 'ती त्याला बोलली' म्हणजे त्याला चांगलंच सुनावलं, इथे 'ने' नाहीये पण अर्थ बघा कुठे गेला.

काही क्रियापदांचा अर्थ बदलत नाही, ती नुसती दोन्हीकडे चालतात. 'दार उघडलं' आणि 'तिने दार उघडलं', 'खुर्ची मोडली' आणि 'त्याने खुर्ची मोडली'. पहिल्यात कोणी केलं ते कळतच नाही (घरात खुर्ची मोडली की सगळे अकर्मक वाक्यच बोलतात, कधी लक्ष दिलंय?). अशांना पुस्तकात उभयविध क्रियापदं म्हणतात.

काही वेळा मराठी सरळ क्रियापदाचं रूपच बदलते. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे. डावीकडचं आपोआप होतं, उजवीकडचं कोणीतरी करतं. नाहीतर मग 'व' घालायचा, हसणे-हसवणे, बसणे-बसवणे. 'बाळ हसलं' अकर्मक, 'ताईने बाळाला हसवलं' सकर्मक, म्हणजे एक कर्म वाढलं.

आणि जिथे आधीच एक कर्म आहे तिथे अजून एक वाढलं तर? 'भाची गाणं शिकली', एक कर्म. 'मावशीने भाचीला गाणं शिकवलं.' काय शिकवलं? गाणं. कोणाला? भाचीला. दोन कर्मं, म्हणून द्विकर्मक. वस्तू असते ते प्रत्यक्ष कर्म, आणि ज्याच्यापर्यंत ती पोचते ती व्यक्ती म्हणजे अप्रत्यक्ष कर्म. देणे, सांगणे, दाखवणे, पाठवणे, विचारणे ही सगळी याच गटातली. क्रियापद प्रत्यक्ष कर्माचंच ऐकतं: 'त्याने बहिणीला पत्ता दिला, चावी दिली, पाकीट दिलं.' बहीण तीच, 'दे'चं रूप मात्र बदलत गेलं.

फक्त 'तिने बाळाला उचललं' हे द्विकर्मक नाही. माणूस कर्म असला की त्याला 'ला' लागतो, एवढंच. दुसरं कर्म शोधून सापडत नसेल तर उगाच बनवू नका.

घरी करायला दोनच वाक्यं देते, पुढच्या वेळी उत्तर हवंय. 'मला तुझं नाव आठवलं' आणि 'मी तुझं नाव आठवलं'. दोन्हीत कर्ता कोण ते 'णारा' लावून शोधा, आणि मग सांगा की कोणत्या वाक्यात डोकं खाजवावं लागलं आणि कोणत्यात नाव आपोआप आलं.