प्रश्न : प्राचीन भारतातील धर्मांत नवे विचार का उदयास आले? त्यांना मिळालेल्या राजाश्रयाचे स्वरूप स्पष्ट करा.

उत्तर : इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुमारास गंगेच्या खोऱ्यात शेती वाढली, राजगृह, श्रावस्ती, कौशांबी ही नगरे भरभराटीला आली आणि व्यापारी-कारागिरांचा वर्ग पुढे आला. खर्चिक यज्ञ, पशुबळी आणि जन्मावर ठरणारे श्रेष्ठत्व या वर्गाला पटेनासे झाले. खुद्द वैदिक परंपरेत उपनिषदांनी कर्मकांडापेक्षा आत्मज्ञानाला महत्त्व दिले. महावीरांनी अहिंसा व अपरिग्रह, बुद्धांनी मध्यममार्ग सांगितला, तर आजीविक पंथाने सर्व काही नियतीने ठरते असा नियतीवाद मांडला. हे विचार दरबारात जन्मले नाहीत. राजाश्रयामुळे त्यांना स्थैर्य आणि विस्तार मिळाला.

बौद्ध परंपरेनुसार मगधराज बिंबिसाराने बौद्ध भिक्षूंच्या संघाला वेळुवन हे उपवन दिले. कलिंगयुद्धानंतर धम्माकडे वळलेल्या सम्राट अशोकाने लुंबिनीचा ‘बली’ हा कर माफ केला आणि उत्पन्नातील राजाचा वाटा एक अष्टमांशावर आणला. मात्र त्यानेच बराबर टेकडीतील लेणी आजीविकांना दिली आणि बाराव्या शिलालेखात सर्व पंथांचा आदर करण्यास सांगितले. पुढे कलिंगच्या खारवेलाने जैनांना आश्रय दिला. कुषाण सम्राट कनिष्काच्या नाण्यांवर बुद्धासोबत इराणी देवताही दिसतात. म्हणजे राजाश्रय हा बहुधा एकाच धर्माची बाजू घेणारा नव्हता.

याचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्रात आहे. नाणेघाटातील लेखात सातवाहनांच्या अश्वमेधासारख्या वैदिक यज्ञांची नोंद आहे. त्याच घराण्यातील गौतमी बलश्रीने वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी नाशिकचे लेणे बौद्ध भिक्षूंना दिले. सातवाहनांचा प्रतिस्पर्धी क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने ब्राह्मणांना गायी व गावे दिली, शिवाय नाशिकलाच भिक्षूंसाठी लेणे खोदवले. त्याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघटनांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा एक दराने वर्षाला २४० कार्षापण व्याज येई, त्यातून वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यात एकाच ठिकाणी राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण मिळत. मुद्दल न मोडता दान चालू राहील, अशी ही व्यवस्था होती. भटकणारा भिक्षुसंघ विहारात स्थिरावण्यामागे असल्या ठेवींचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

दान देऊन परस्परविरोधी राजघराणी प्रजेची मान्यता मिळवत. लेणी व्यापारी मार्गांवर असल्याने व्यापारी आणि संघ यांच्याशी संबंध राखणे राज्यालाही हिताचे होते. पण सर्व श्रेय राजांना देता येत नाही. कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीचा श्रेष्ठी म्हणजे धनिक व्यापारी भूतपाल याने पूर्ण करवले, आणि तेथील स्तंभांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीक वंशाच्या मानल्या जाणाऱ्या लोकांची, नावे दाते म्हणून कोरलेली आहेत.