कॅटलॉगसाठी फोटो, मापं आणि धातूची माहिती मिळण्याबाबत

ठाणे,
४ ऑगस्ट २०२५

आदरणीय विलासदादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचे चौदा भांड्यांचे फोटो आणि दरपत्रक शुक्रवारी मिळालं. दर आम्हाला मान्य आहेत. मठारकाम केलेलं तांब्याचं घंगाळ तर दुकानात सगळ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. दिवाळीच्या कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर तेच घ्यायचं असं आम्ही ठरवलं आहे. मात्र सध्या जो फोटो आहे तो छापण्याजोगा नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

फोटो व्हॉट्सॲपवरून आल्यामुळे त्यांचा आकार फार कमी झाला आहे. घंगाळाचा फोटो जेमतेम ७०० पिक्सेल रुंद भरतो. मुखपृष्ठावर तो आठ इंच रुंद छापायचा आहे आणि छापखान्याला एका इंचात ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे किमान २४०० हवेत. आतल्या पानांवरच्या भांड्यांना १२०० पुरतील. फोनमधले मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेत तर ते जसेच्या तसे येतील.

घंगाळ, कळशी आणि मोठी परात यांचे फोटो मात्र नव्याने काढावे लागतील असं वाटतं. घासून लखलखीत केलेल्या तांब्यात ट्यूबलाइट आणि फोटो काढणारा माणूस दोन्ही दिसत आहेत, आणि ज्यासाठी तुमच्या कारागिरांनी इतके तास हातोडी चालवली ते ठोके पुसट झाले आहेत. सकाळी खिडकीशेजारी भांडं ठेवून उजेड एका बाजूने येऊ द्यावा, समोर पांढरी चादर धरावी आणि फ्लॅश बंद ठेवावा. मठार बाजूच्या उजेडातच उठून दिसतो. प्रत्येक भांड्याचा एक फोटो आतून आणि एक बुडाचाही हवा, कारण गिऱ्हाईक कल्हई पाहिल्याशिवाय भांडं घेत नाही.

मापांबद्दल थोडं सविस्तर लिहिते. यादीत ‘८ नंबर’, ‘१० नंबर’, ‘मध्यम’ असं आहे. तुमच्या आळीत त्यावरून लगेच कळतं, पण घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये बसून कॅटलॉग चाळणाऱ्या ताईंना ट्रॉलीत भांडं मावेल का, एवढंच पाहायचं असतं. गेल्या वर्षी आम्ही एका पातेल्याचं माप दहा इंच छापलं. ते तोंडाचं होतं, कड्या धरून रुंदी साडेबारा इंच भरत होती. चूक आमचीच होती. चार पातेली परत आली आणि एका आजींना ते घेऊन रिक्षाने दुकानापर्यंत यावं लागलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून तोंडाचा आणि बुडाचा व्यास, कड्यांसकट पूर्ण रुंदी, झाकणासह आणि झाकणाविना उंची ही मापं सेंटिमीटरमध्ये द्यावीत. वजन ग्रॅममध्ये आणि काठापर्यंत किती लिटर पाणी मावतं तेही हवं. जाडी गेजमध्ये दिली आहे, ती मिलिमीटरमध्येही कळवा. हाताने घडवलेल्या भांड्यांत थोडा फरक राहणारच. तो साधारण किती असतो ते सांगितलंत तर तसं छापू.

धातूच्या रकान्यात बऱ्याच भांड्यांपुढे नुसतं ‘तांबे/पितळ’ आहे. त्यातलं नेमकं काय? कड्या आणि रिव्हेट त्याच धातूचे की वेगळे? पितळी पातेली आणि तपेल्यांना आतून कल्हई आहे का, आणि ती निव्वळ कथलाची आहे का? चिंच, कोकम, ताक यांसाठी लोक हटकून विचारतात आणि इथे मला अंदाजाने काही लिहायचं नाही. बाहेरून चमक टिकवायला लॅकर मारला असेल तर तेही कळवा, कारण तसं भांडं चुलीवर ठेवता येणार नाही. इंडक्शनबद्दलही रोज विचारणा होते. बुडाला लोखंडाची किंवा चुंबक धरणाऱ्या स्टीलची चकती नसेल, तर ‘इंडक्शनवर चालत नाही’ असं आम्ही स्पष्ट छापू. रिकामं भांडं आचेवर ठेवू नये ही सूचना मी स्वतःच घालते आहे, कारण कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं.

समई आणि पाच लोट्यांची माहिती पूर्ण आहे, त्यांना फक्त मूळ फोटो हवेत.

२७ तारखेला गणपती बसतील, त्याआधी कारखान्यात गडबड असणार याची कल्पना आहे. तरी बुधवार, २० ऑगस्टपर्यंत सगळं मिळालं तर बरं होईल. ५ सप्टेंबरला मजकूर छापखान्यात जातो. सवड नसेल तर निःसंकोच सांगा. आमचा फोटो काढणारा मुलगा आणि मी १३ तारखेला सकाळच्या गाडीने पुण्याला येऊ. टेप आणि वजनकाटा आम्हीच आणू. फक्त चौदाही नमुने एके ठिकाणी काढून ठेवावेत आणि कल्हईबद्दल बोलायला तुमच्याकडचे जाणते कारागीर तासभर मोकळे असावेत.

छपाईआधी प्रत्येक भांड्याचं पान तुम्हाला दाखवू. तुमचा होकार आल्याशिवाय काही छापणार नाही.

वहिनींना नमस्कार.

आपली,
मेधा
गोखले रोड, नौपाडा, ठाणे