हितसंबंध आणि फंडिंग: आमचं निवेदन

या ट्रायलसाठी वेगळी ग्रँट नव्हती, रक्ततपासण्यांचा खर्च वडोदऱ्यातल्या आमच्याच विभागाने केला. मधुमेहाच्या गोळ्या आणि तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या प्लासिबो गोळ्या मात्र औषध बनवणाऱ्या कंपनीने फुकट दिल्या, तिचं नाव टायटल पेजवर आहे. डबे सीलबंद, फक्त कोड नंबर लावलेले आले, पण कोणत्या कोडमध्ये औषध आणि कोणत्यात प्लासिबो याची यादी कंपनीने स्वतःकडे ठेवली नव्हती, ती आमच्या फार्मासिस्टच्या कुलपात होती. डिझाइन, डेटा, अ‍ॅनालिसिस, लिखाण यात कंपनीचा हात नाही. करारानुसार ड्राफ्ट जर्नलला पाठवायच्या ३० दिवस आधी त्यांना दाखवला, तेव्हा त्यांनी पोटाच्या त्रासाचं वाक्य सौम्य करा असं सुचवलं, आम्ही ते होतं तसंच ठेवलं, कारण तो त्रास पेशंटनी सोसलाय.

पहिल्या लेखिकेने गेल्या ३६ महिन्यांत याच कंपनीकडून दोन लेक्चर्सचं मानधन आणि एकदा इंदूरला जायचा प्रवासखर्च घेतलाय, म्हणून अ‍ॅनालिसिस तिच्याकडे दिलं नाही. तिसऱ्या लेखकाच्या पत्नीकडे कंपनीचे शेअर्स आहेत. बाकी दोघांचे काही हितसंबंध नाहीत. चौघांनीही आयसीएमजेईचा, म्हणजे वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा, हितसंबंध जाहीर करायचा फॉर्म भरलाय.